बुटाचा सोल टोकाला सुटलाय? घरच्या घरी टिकाऊ चिकटवायचा कसा

गेल्या वर्षी जुलैत राजगडावरून गुंजवण्याच्या बाजूने उतरताना माझ्या डाव्या बुटाने तोंड उघडलं. उताराच्या सुरुवातीला टोकाशी नुसती फट होती. पायथा येईपर्यंत तिच्यात दोन बोटं जात होती आणि दर पावलाला चमचाभर चिखल आत जात होता. सॅकमधली सुतळी टोकाभोवती गुंडाळून कसाबसा खाली आलो. घरी आल्यावर तेच केलं जे बहुतेक जण करतात: पाच सेकंदांत चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब त्या फटीत पिळली आणि दाबून धरलं. दगडासारखं घट्ट झालं, मी खूश. पुढच्या रविवारी सोसायटीचा जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर ‘कट्’ असा आवाज आला आणि बूट पुन्हा बोलायला लागला.

दुसऱ्यांदा मात्र नीट चिकटवला. त्यानंतर तो बूट एक अख्खा पावसाळा आणि हिवाळा चालला, अजून चालतोय. त्या दुसऱ्या वेळी काय केलं ते इथे क्रमाने लिहितो. काम जेमतेम दोन तासांचं आहे, पण वाळण्यासाठी मधे जे दिवस सोडावे लागतात ते धरले तर पाच दिवस बूट पायात घालता येत नाही. शनिवारी ट्रेक असेल तर शुक्रवारी रात्री हे करायला घेऊ नका.

आधी एवढं समजून घ्या: टोकच का सुटतं

चिकटपट्टी भिंतीवरून काढायची असेल तर आपण ती सरळ खाली ओढत नाही. एक कोपरा नखाने उचलतो आणि सोलत जातो. सरळ ओढली तर सगळ्या चिकटलेल्या भागावर मिळून जोर येतो, सोलताना तोच जोर एका बारीक रेघेवर येतो. बुटाच्या टोकाचं हेच होतं. चालताना टाच उचलली की बूट चवड्यापाशी वाकतो, पण सोल वरच्या भागापेक्षा जाड आणि ताठ, त्यामुळे तो तितका वाकायला तयार नसतो. दर पावलाला तो टोकाच्या कडेवर ओढ देतो. त्यात पायरीला, दगडाला ठेच लागली की कोपरा नखाने उचलल्यासारखाच. एकदा कड सुटली की पाणी आणि वाळू आत जाते आणि सोलण्याची ती रेघ रोज थोडी मागे सरकते.

पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरूनच ठरतात. इथे ‘कडक’ गोंद चालत नाही, बुटाबरोबर वाकणारा लागतो. आणि सगळ्यात जपायची जागा बाहेरून दिसणारी कड नव्हे, आत खोलवर जिथे फट संपते ती रेघ.

काय काय लागेल

- रबरी सोल्युशन किंवा पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं सोल्युशन, लहान डबी किंवा ट्यूब (कुठलं ते पायरी ३ मध्ये)
- काचपेपर, ६० किंवा ८० नंबर, आणि फोमसाठी थोडा १२० नंबर
- जुना टूथब्रश, आणखी एक जुना टूथब्रश (एक धुण्यासाठी, एक सोल्युशन लावण्यासाठी)
- बोथट सुरी किंवा मोडकी हॅक्सॉ पट्टी, जुनं सोल्युशन खरवडायला
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पांढरं सुती फडकं
- सायकलची जुनी ट्यूब (पंक्चरवाल्याकडे बहुधा फुकट मिळते)
- वर्तमानपत्रं, दोन-तीन पेन्सिली, हेअर ड्रायर, लहान हातोडी

१. चिकटवण्यालायक आहे का ते बघा

सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते ती इथे न बघितल्यामुळे. काही बुटांमध्ये खालचा रबरी सोल आणि वरचा भाग यांच्यामध्ये पीयू फोमचा जाड थर असतो. हा फोम हवेतल्या दमटपणाने वर्षानुवर्षं आतून कुजतो. बूट वापरला नाही म्हणून वाचतो असं नाही. उलट माळ्यावर पाच-सात वर्षं खोक्यात ठेवलेले ‘नवेकोरे’ बूट पहिल्याच फेरीत तळ सोडतात ते यामुळेच.

ओळखायचं कसं? फट उघडून मधल्या फोमवर नख जोरात दाबा. चांगला फोम दबून परत वर येतो. कुजलेल्यात नख रुततं, भुगा पडतो किंवा चिकट लगदा हाताला लागतो. असं झालं तर थांबा. सोल्युशन लावाल ते भुग्याला चिकटेल आणि भुगा बुटाला चिकटलेला नाहीच. तिथे फोमसकट तळ बदलणं हाच इलाज, आणि तो घरचा नाही.

चवड्यापाशी सोल आडवा चिरला असेल तरीही नुसत्या चिकटवण्याने भागत नाही. गॅरेजमध्ये वापरलेला, तेल-ग्रीस प्यालेला बूटही मी सोडून देतो. रबरात मुरलेलं तेल पुसून निघत नाही, दोन दिवसांनी परत वर येतं.

२. फट वाचा

धुण्याआधी फट उघडून टॉर्चने आत बघा. जुनं सोल्युशन कुठल्या बाजूला राहिलंय?

माझ्या बुटात सगळं जुनं सोल्युशन, पिवळसर पापुद्र्यासारखं, वरच्या भागाला चिकटून होतं आणि सोलची आतली बाजू काळी, गुळगुळीत, चकाकणारी होती. म्हणजे बूट बनवतानाच सोल्युशनने सोलला पकड घेतली नव्हती. रबर साच्यातून सहज सुटावं म्हणून साच्याला जे लावतात त्याचा अंश रबराच्या पाठीवर राहतो, आणि ती पाठ घासून काढली नाही तर त्यावर काहीच धरत नाही. तेव्हा माझं मुख्य काम सोलची बाजू घासण्याचं होतं. झटपट गोंद का सुटला तेही कळलं: तो त्याच चकाकत्या पाठीवर जाऊन बसला होता, आणि वर काचेसारखा कडक.

तुमच्याकडे दोन्ही बाजूंना पापुद्रा असेल तर सोल्युशनच जुनं होऊन मधून फाटलंय. मग दोन्ही बाजूंचं सगळं काढावं लागेल. आणि सोलला कापडाचे धागे किंवा चामड्याचा वरचा पापुद्रा चिकटून आला असेल तर सोल्युशनचा दोष नाही, वरचा भागच फाटलाय. असं असेल तर चिकटवून वर शिलाईही मारून घ्यावी.

३. सोल्युशन निवडा

आधी सोल कशाचा आहे ते ठरवा. सुई लायटरवर तापवा आणि सोलच्या न दिसणाऱ्या जागी, बाल्कनीत उभं राहून, क्षणभर टेकवा. खरं रबर वितळत नाही. टायर जळल्यासारखा वास येतो आणि काळा ठिपका पडतो. पीव्हीसीचा किंवा टीपीआरचा, म्हणजे रबरासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकचा, सोल असेल तर सुई लोण्यात गेल्यासारखी रुतते आणि कडेला वितळलेला कंगोरा उभा राहतो. एकच टोचा पुरे. पीव्हीसीचा धूर वाईट असतो, नाक जवळ नेऊ नका.

खरं रबर असेल आणि वर चामडं, कापड किंवा रबरच असेल, तर निओप्रीनचं रबरी सोल्युशन घ्या. मोची वापरतात ते पिवळसर, उग्र वासाचं, डबीत मधासारखं दिसणारं बहुधा हेच असतं. हार्डवेअरच्या दुकानात ‘रबर, लेदर, रेक्झिन चिकटवायचं सिंथेटिक रबर सोल्युशन’ म्हटलं की देतात. सनमायका चिकटवायला सुतार जे उग्र वासाचं पिवळसर सोल्युशन वापरतात तेही याच जातीचं असतं.

वितळणारा सोल पीव्हीसीचा असेल तर पीयू सोल्युशन मागा. पीव्हीसी मऊ राहावा म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं असतं. ते हळूहळू झिरपतं आणि निओप्रीनच्या थराला शेवाळासारखं मऊ करून टाकतं. आज घट्ट वाटलेला जोड दोन महिन्यांनी चिकट लगदा होऊन सुटतो. पीयूवर त्याचा परिणाम फार कमी होतो. टीपीआरला पीयू सोल्युशनही खास प्रायमरशिवाय नीट धरत नाही, आणि तो प्रायमर घरगुती वापराचा नाही. तेव्हा टीपीआरचा स्वस्त बूट मी सरळ मोच्याकडे देतो आणि शिलाई मारून घेतो.

काय घ्यायचं नाही तेही सांगतो. झटपट गोंद वाकला की तडकतो. दोन ट्यूब मिसळून लावायचा इपॉक्सी लोखंडाला, लाकडाला उत्तम, पण टोकाशी त्याचंही तेच होतं. आणि सिलिकॉन सीलंट, म्हणजे बाथरूमच्या फटी भरायचा, तो तर मुळीच नको. तो स्वतः धड चिकटत नाही आणि त्याचा जो पातळ थर मागे राहतो त्यावर पुढे दुसरं काहीही चिकटत नाही. सिलिकॉन भरून आणलेले दोन बूट मी पाहिलेत. दोन्ही शेवटी टाकून द्यावे लागले.

४. धुवा आणि खरंच वाळवा

फटीत वाळूचा एक कण राहिला तरी त्याच्याभोवती पोकळी राहते. पेन्सिल आडवी घालून फट उघडी ठेवा आणि कोमट पाणी, थोडा भांडी घासायचा साबण, टूथब्रश घेऊन आत घासा. मग साबणाचा अंश राहणार नाही इतपत भरपूर पाण्याने धुवा.

आता वाळवणं. बाहेरून कोरडा दिसणारा बूट आतून दोन दिवस ओला असतो. मी गुरुवारी रात्री धुतला आणि शनिवारी सकाळी हात लावला. मधल्या काळात आत वर्तमानपत्राचे बोळे, दर पाच-सहा तासांनी बदलत, आणि फटीत पेन्सिल तशीच आडवी. पंख्याखाली. गॅसजवळ, शेकोटीपाशी किंवा उन्हात तापलेल्या गाडीच्या काचेमागे बूट वाळवू नका. रबरी सोल्युशन उष्णतेने मऊ होतं आणि न सुटलेला भागही सुटायला लागतो. ट्रेकवर शेकोटीशी बूट वाळवून सोल गमावलेले लोक कमी नाहीत.

वाळलं की नाही याची साधी परीक्षा: फटीत टिश्यू पेपरची घडी खोल सारा, वरून सोल दाबून पाच मिनिटं ठेवा. टिश्यू गार किंवा दमट लागला तर अजून एक दिवस.

५. फट शेवटपर्यंत उघडा, मग घासा

बाहेरून माझी फट टोकाच्या मध्यावर ४ सेंटीमीटर खोल होती. दोन बोटांनी सोल हलकेच खाली ओढला तशी ती आणखी सरकली आणि ५.५ सेंटीमीटरवर थांबली. तो मधला दीड सेंटीमीटर चिकटलेला दिसत होता, पण धरून नव्हता. तो तसाच ठेवला असता तर माझ्या नव्या जोडाच्या मागे एक सुटी पट्टी राहिली असती आणि वाकताना तिथूनच सोलणं सुरू झालं असतं. म्हणून बोटांच्या जोराने जेवढं उघडतं तेवढं उघडू द्या. त्यापुढे सुरी घालून चांगला जोड तोडू नका.

आता जुनं सोल्युशन. बोथट सुरीने खरवडा. पापुद्रा हट्टी असेल तर अर्धा मिनिट हेअर ड्रायरने तापवा, मऊ पडून गुंडाळ्या होऊन निघतो. झटपट गोंदाचे काचेसारखे ठिपके असतील तर ते एकेक करून खरवडूनच काढावे लागतात. माझा निम्मा वेळ त्यातच गेला.

मग काचपेपर. आत हात जात नाही, म्हणून आइस्क्रीमच्या काडीला ८० नंबरचा कागद गुंडाळून दोऱ्याने बांधला. सोलची चकाकी पूर्ण जाऊन रबर राखाडी, मखमलीसारखं दिसेपर्यंत घासायचं. एकही चकाकता ठिपका सोडू नका, विशेषतः आतल्या टोकाशी आणि अगदी बाहेरच्या कडेला, कारण आपण मध्यभागीच घासत बसतो. वरच्या बाजूचं रबर तसंच. चामडं असेल तर फक्त वरचा रंग आणि चकाकी जाईल इतकंच. माझ्या बुटात आत गेल्यावर रबराऐवजी ईव्हीए फोमचा थर होता. त्याला १२० नंबरचे तीन-चार हलके हात पुरतात, जोर लावला तर फोमचे तुकडे निघतात.

घासून झालं की कीस ब्रशने झाडा, मग पांढऱ्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. फडकं काळं आलं की नवी घडी, पुन्हा पुसा, जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत. इथे दोन चुका मी स्वतः पाहिल्या आहेत. हँड सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं म्हणून तो वापरतात, पण त्यात ग्लिसरीनही असतं आणि ते मागे राहतं. पेट्रोलने पुसणारेही आहेत. ते आगीला आमंत्रण तर आहेच, वर तेलकट अंशही सोडतं. पुसल्यानंतर त्या जागेला बोट लावू नका, हाताचं तेलही पुरतं. दहा मिनिटं उघडं ठेवा.

६. दोन पातळ हात, आणि वाट बघणं

नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज हा की सोल्युशन लावलं की लगेच दाबायचं. या जातीचं सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून, सुकवून, मग जोडायचं असतं. दोन सुकलेले थर एकमेकांना भिडले की एकमेकांत मिसळतात. ओलं असताना दाबलं तर आतला द्राव बाहेर पडायला वाट राहत नाही. वरवर चिकटल्यासारखं वाटतं आणि आत आठवडाभर लोण्यासारखं मऊ राहतं.

खिडक्या उघडा, गॅस, उदबत्ती, देवाचा दिवा सगळं विझलेलं असू द्या. वाफा पटकन पेट घेतात आणि डोकंही चढवतात. दोन पेन्सिली आडव्या घालून फट पूर्ण उघडी ठेवा. टूथब्रशचे केस कात्रीने अर्धे कापले तर तो आत नीट फिरतो.

माझं वेळापत्रक असं होतं. ११ वाजून ४० मिनिटांनी पहिला हात, दोन्ही बाजूंना, आतल्या रेघेपासून सुरू करून बाहेर. हा हात कापड, फोम आणि घासलेलं रबर पिऊन टाकतं, म्हणून २५ मिनिटांनी पृष्ठभाग पुन्हा मळकट, कोरडा दिसला. १२ वाजून ५ मिनिटांनी दुसरा हात, तितकाच पातळ. सगळं मिळून चहाचा चमचाभरही सोल्युशन लागलं नाही. जाड थर म्हणजे जास्त पकड असं मुळीच नाही. जाड थर स्वतःच मधून फाटतो.

डबीवर बहुधा दहा-पंधरा मिनिटं लिहिलेलं असतं. कोरड्या हवेत ते खरं. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात मी घड्याळ बघत नाही, बोटाचं पेर लावून बघतो. पेर टेकवून उचललं की किंचित ओढ लागली पाहिजे, पण तार निघता कामा नये आणि पेराला काही लागता कामा नये.

पावसाळ्याचा एक खास सापळा आहे. द्राव उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं, गार ग्लासावर जमतं तसं. थर पांढुरका, धुकट दिसायला लागतो. तसाच जोडला तर दोन थरांमध्ये पाण्याचा पडदा घेऊनच जोडला. थर धुकट झाला तर घाईने दाबू नका. वास जवळजवळ गेला की ड्रायरच्या कोमट झोताने धुकं पूर्ण जाऊन थर पुन्हा पारदर्शक होऊ द्या. मुसळधार पाऊस असेल तर मी हे काम पुढे ढकलतो, बंद कपाटात बल्ब लावून सुकवण्याचं नाटक मुळीच करत नाही.

७. तापवा आणि एकाच वेळी जोडा

दुसरा हात सुकला की, आणि द्राव उडून गेला आहे याची खात्री झाली की मगच, हेअर ड्रायर १५ सेंटीमीटरवरून फिरवत एक-दीड मिनिट दोन्ही थर तापवा. हात लावला तर चांगलं गरम वाटावं, चटका बसू नये. फोम जास्त तापला तर आकसतो. सुकलेलं निओप्रीन आणि पीयू दोन्ही थंड असताना आत बारीक स्फटिकांनी घट्ट झालेली असतात. तापवलं की ते स्फटिक वितळून थर पुन्हा चिकट होतो, आणि थंड होताना दोन्ही थर मिळून एक होऊन घट्ट बसतात. बूट बनवणाऱ्या कारखान्यातही सोल्युशन सुकवून, तापवून मगच सोल दाबतात. फोन आला आणि तासभर थर उघडा राहिला तरी हाच उपाय: तापवा, परत जागा होतो.

तापवायच्या आधीच बुटाच्या आत वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरून ठेवा, अगदी टोकापर्यंत, अंगठ्याने दाबलं तरी दबणार नाही इतके. मोच्याकडे यासाठी लाकडी फरमा असतो. आत आधार नसेल तर बाहेरून दिलेला दाब बुटाचं टोक नुसतं चेपतो, जोडावर पोचतच नाही.

आता पेन्सिली काढा आणि जोडा. पहिला स्पर्श होतो तिथेच धरतं, सरकवून बसवता येत नाही, म्हणून सोलची मध्यरेषा आणि बुटाच्या टोकाची मध्यरेषा यांवर आधी खडूने खूण करून ठेवा. आतल्या रेघेपासून अंगठे दाबत बाहेर या म्हणजे हवा पुढून निघून जाते. कड आधी मिटली तर आत हवेचा फुगा अडकतो.

८. दाब: तास नव्हे, जोर

या सोल्युशनला रात्रभर हलक्या वजनाखाली ठेवण्यापेक्षा पहिल्या दोन मिनिटांतला जोराचा दाब जास्त उपयोगी. जोडल्या जोडल्या सोलवर हातोडीने लहान लहान, भराभर ठोके द्या, मध्यापासून कडेकडे. वरच्या वळलेल्या भागावर हातोडी चालत नाही. तिथे स्क्रूड्रायव्हरच्या गोल मुठीने घासून दाबा. आमच्याकडे यासाठी लाटणं घेतलं होतं, त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

मग बांधणी. टोक गोल असतं, त्यामुळे सुताराचा शिकंजा लावला तर मधे दाबतो आणि दोन्ही बाजूंच्या कडा उलट उघडतात. ऑफिसचे रबर बँड तर पुरतच नाहीत. सायकलच्या ट्यूबची ३-४ सेंटीमीटर रुंद, मीटरभर लांब पट्टी कापा. एक टोक चवड्यापाशी धरून पट्टी ताणत ताणत सोलखालून, टोकावरून, वरून अशी पगडीसारखी गुंडाळा, दर वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवून. टोकाच्या पुढच्या बाजूला दोन वेढे उभे, म्हणजे टोकावरून मागे टाचेकडे ओढणारे, द्या आणि टाचेमागे गाठ मारा. रबराचा दाब गोलाईवर सगळीकडून सारखा पडतो, हेच इथे हवं असतं. कडेने बाहेर आलेलं सोल्युशन ओलं असताना पुसू नका, सुकल्यावर बोटाने चोळलं की गोळ्या होऊन निघतं.

पट्टी २४ तास ठेवा. सोडल्यावर आणखी ४८ तास बूट वाकवू नका, ओला करू नका. माझा शनिवारी दुपारी जोडला, रविवारी संध्याकाळी सोडला, मंगळवारी संध्याकाळी पायात घातला.

९. धरलंय का ते तपासा

पायात घालण्याआधी व्हिजिटिंग कार्डचा कोपरा कडेवरून टोकाभोवती फिरवा. कार्ड जिथे आत सरकेल तिथे जोड नाही. माझ्या बुटात करंगळीच्या बाजूला एका सेंटीमीटरभर जागेत सरकलं. तिथे मी घासताना चुकलो होतो, चकाकी तशीच होती. तेवढ्याच जागेत टाचणीने फट उघडून पुन्हा घासून, दोन हात, ड्रायर, ठोके असं सगळं केलं. ‘एवढंसं तर आहे’ म्हणून सोडलं असतं तर सोलण्याला पुन्हा कोपरा मिळाला असता.

मग बूट हाताने चवड्यापाशी वीसेक वेळा वाकवा आणि कडेकडे बघा. वाकताना केसाएवढी रेघ उघडून मिटत असेल तर ती वाढणार. काही दिसलं नाही तर आठवडाभर आधी साधं चालायला वापरा, गडावर नंतर न्या.

मोच्याकडे देणार असाल तर

त्यात कमीपणा काही नाही. रापी, फरमा आणि वर्षानुवर्षांचा हात त्यांच्याकडे असतो. पण रस्त्याकडेला घाईत काम होतं आणि ओल्या, न घासलेल्या फटीत सोल्युशन जातं. म्हणून बूट घरी धुऊन, दोन दिवस वाळवून न्या आणि सांगा, ‘दादा, जुनं सगळं काढून घासून लावा, घाई नाही, उद्या नेतो.’ ‘उद्या नेतो’ हे महत्त्वाचं. समोर उभं राहिलात तर ते तुम्हाला मोकळं करायला ओलंच दाबून देतील.

शिलाईबद्दल ते विचारतीलच. सोलची कड वर चढून वाटीसारखी असेल आणि तिच्यात शिलाईची खाच असेल तर हो म्हणा, त्या खाचेतली शिलाई सोलणं थांबवते. पाणी आत न येणारा ट्रेकिंगचा बूट असेल तर आरीचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला एक वाट. माझ्या बुटाला मी नको म्हटलं. ऑफिसच्या कॅनव्हासच्या बुटाला मात्र दोन्ही केलं, आधी चिकटवणं, दुसऱ्या दिवशी शिलाई.